बांधकाम चालू असलेल्या बिल्डिंगवरचं व्याज: टर्म लोन वेगळं, सीसी वेगळी, मग सीडब्ल्यूआयपीत, म्हणजे चालू बांधकामाच्या खात्यात, नेमकं किती टाकायचं?

प्रश्न: "सर, अंबड एमआयडीसीत आमच्या जुन्या प्लॉटवरच नवीन फॅक्टरी बिल्डिंग चालू आहे. बिल्डिंगसाठी ६०० लाखांचं टर्म लोन घेतलंय ९ टक्क्यांनी, बाकी पैसे सीसीतून गेले. जुनं मशिनरी लोन पण आहे. मी तिन्ही लोनचा सरासरी रेट काढला ९.८२ टक्के आणि ३१ मार्च २०२५ च्या सीडब्ल्यूआयपीला म्हणजे ९६० लाखांना लावला, ९४.२८ लाख कॅपिटलाइज केले. ऑडिटर म्हणतात चुकीचं आहे पण नीट सांगत नाहीत. मालक म्हणतात वरचे पैसे आपल्या नफ्यातले आहेत, त्यावर व्याज कसलं. नक्की कसं करायचं?"

उत्तर:

तुम्ही वर्किंग मेलवर पाठवलीत ते बरं झालं, कारण त्यातला एकच आकडा बघून कळलं की कुठंतरी मोठी गडबड आहे. वर्षभरात तिन्ही लोनचं मिळून व्याज झालंय ९५.७५ लाख आणि त्यातले ९४.२८ लाख तुम्ही बिल्डिंगमध्ये टाकलेत. म्हणजे पी अँड एलला राहिलं दीड लाखसुद्धा नाही. आता जी कंपनी वर्षभर ४०० लाखांची सीसी फिरवते, स्टॉक आणि देणेकरी त्यावर चालवते, तिचा व्याजाचा खर्च वर्षाला दीड लाख कसा असेल? हा ताळा कायम आधी करून बघा. कॅपिटलाइज केलेलं व्याज एकूण व्याजाच्या फार जवळ गेलं आणि धंदा तर नेहमीसारखाच चालू आहे, तर समजायचं की वर्किंगमध्ये वेगवेगळी लोनं एकत्र मिसळली गेलीत नाहीतर वेळ धरलेली नाही.

तुमच्याकडे दोन्ही झालंय, आणि शिवाय पाया म्हणून घेतलेला ९६० चा आकडाही चुकलाय. एकेक घेतो.

पहिली गोष्ट, सगळ्या लोनची एकत्र खिचडी करायची नाही. बॉरोइंग कॉस्टचं अकाउंटिंग स्टँडर्ड दोन वेगळे रस्ते सांगतं. जे लोन खास या बिल्डिंगसाठी घेतलंय त्याचं खरंखुरं झालेलं व्याज घ्यायचं, सरासरी वगैरे काही नाही, बँकेनं डेबिट केलं तेवढं, आणि त्यातून ते पैसे तात्पुरते कुठे गुंतवून मिळालेलं व्याज वजा करायचं. आणि बिल्डिंगवर झालेला जो खर्च या खास लोनच्या वर गेला फक्त तेवढ्यावर जनरल लोनचा सरासरी रेट लावायचा. त्या सरासरीत बिल्डिंगचं टर्म लोन येत नाही, बिल्डिंग तयार होईपर्यंत तरी नाही. तुम्ही ९ टक्क्यांचं लोन सरासरीत घेतलंत त्यामुळे रेट खाली आला, आणि तो खाली आलेला रेट पूर्ण रकमेला पूर्ण वर्षासाठी लावलात त्यामुळे रक्कम वर गेली, दोन चुका एकमेकींना झाकतात म्हणून रेट बघून कुणाला शंका येत नाही.

तुमच्या कंपनीला एएस १६ लागतं की इंड एएस २३ हे तुम्ही लिहिलं नाही. लिस्टेड नसाल, नेटवर्थ २५० कोटींच्या आत असेल आणि इंड एएस लागणाऱ्या कंपनीची सब्सिडियरी वगैरे नसाल तर एएस १६. पण काळजी नको, या दोन रस्त्यांची पद्धत दोन्हीकडे तीच आहे, जिथे फरक पडतो तिथे सांगतो.

आता पाया. ९६० लाख हा लेजरचा क्लोजिंग बॅलन्स आहे, त्यात कॉन्ट्रॅक्टरचं न दिलेलं बिल आणि रिटेन्शन धरून ६० लाख असे आहेत जे ३१ मार्चपर्यंत तुमच्या खिशातून गेलेलेच नाहीत. इंड एएस २३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की खर्च म्हणजे रोख दिलेले पैसे, दिलेली दुसरी मालमत्ता, किंवा व्याज लागणारं देणं अंगावर घेतलं असेल तर ते. कॉन्ट्रॅक्टरचं बिल थकलंय आणि तो व्याज लावत नाही, तर त्या रकमेसाठी तुम्ही कर्ज काढलेलंच नाही, मग व्याज कुठून आलं? साधी गोष्ट आहे पण सीडब्ल्यूआयपीचं लेजर समोर असलं की मोह होतो.

हे आरए बिलावर, म्हणजे कॉन्ट्रॅक्टरच्या चालू कामाच्या बिलावर, बघितलं की पक्कं बसतं. समजा एक आरए बिल आलं १०० लाखांचं, त्यावर जीएसटी १८. फॅक्टरी बिल्डिंगच्या बांधकामावरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, म्हणून सीडब्ल्यूआयपीत पूर्ण ११८ गेले. पण बिल पास करताना तुम्ही ५ टक्के रिटेन्शन म्हणून ५ लाख ठेवून घेतले, सुरुवातीला दिलेल्या मोबिलायझेशन अ‍ॅडव्हान्सपैकी १० लाख वळते केले, टीडीएस २ लाख कापला. कॉन्ट्रॅक्टरच्या खात्यात गेले १०१ लाख. टीडीएसचे २ लाख पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत सरकारकडे भरले, ते पण तुमच्याच खिशातून गेले. म्हणजे या बिलापोटी व्याजासाठी धरायचा खर्च १०३ लाख. रिटेन्शनचे ५ ज्या दिवशी सोडाल त्या दिवशी धरायचे. आणि अ‍ॅडव्हान्सचे १० आता धरायचे नाहीत कारण ते ज्या दिवशी दिले त्याच दिवशी धरायला हवे होते, तेव्हा ते सीडब्ल्यूआयपीत नव्हते, कॅपिटल अ‍ॅडव्हान्समध्ये होते, आणि इथेच लोक उलटी चूक करतात. लेजर एकच बघतात आणि अ‍ॅडव्हान्सवरचं दोन-चार महिन्यांचं व्याज सोडून देतात. म्हणून माझा हट्ट असतो की व्याजाचं वर्किंग लेजरवरून करायचंच नाही, बँक स्टेटमेंटवरून करायचं, बिल्डिंगच्या नावानं पैसे कधी आणि किती बाहेर गेले एवढंच लिहून काढायचं.

तुमच्या स्टेटमेंटवरून मी असं लिहून काढलंय (सोपं जावं म्हणून तारखा महिन्याच्या १ ला धरल्यात, तुम्ही प्रत्यक्षात दिवसांवर करा). १ मे २०२४ ला १२० लाख, त्यात मोबिलायझेशन अ‍ॅडव्हान्स पण आला. १ जुलैला २०० लाख. १ ऑक्टोबरला १८०. १ डिसेंबरला २८०. १ फेब्रुवारी २०२५ ला १२०. बेरीज ९०० लाख. आणि टर्म लोन आलं दोन हप्त्यांत, १ जुलैला ३०० आणि १ ऑक्टोबरला ३००.

यात बघा, मे महिन्यात टर्म लोनचा पत्ता नव्हता. बँक आधी तुमचं मार्जिन घालायला सांगते, खर्चाचं सीए सर्टिफिकेट मागते आणि मग डिस्बर्स करते, हे आपल्याकडे सगळीकडेच असं आहे. म्हणून मे-जूनमध्ये १२० लाख सगळे सीसीतून गेले, म्हणजे जनरल. १ जुलैला ३०० लाख आले, त्यातले २०० कॉन्ट्रॅक्टरला आणि उरलेले १०० परत सीसीत, आधीच्या खर्चाची भरपाई म्हणून. त्या दिवसापासून एकूण खर्च ३२०, टर्म लोन ३००, जनरलवर राहिले फक्त २०. तीन महिने असंच. १ ऑक्टोबरला दुसरे ३०० आले, त्यातून राहिलेले २० फिटले, १८० कॉन्ट्रॅक्टरला गेले आणि १०० शिल्लक राहिले ते तुम्ही एफडीत ठेवले. म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर जनरलचा भाग शून्य. १ डिसेंबरला २८० द्यायचे होते, १०० एफडी मोडून आणि १८० सीसीतून, म्हणून डिसेंबर-जानेवारी जनरलवर १८०. १ फेब्रुवारीला अजून १२०, मग फेब्रुवारी-मार्च ३००.

आता हे महिन्यांनी गुणायचं. १२० गुणिले २ म्हणजे २४०, २० गुणिले ३ म्हणजे ६०, मग शून्य, मग १८० गुणिले २ म्हणजे ३६०, आणि ३०० गुणिले २ म्हणजे ६००. बेरीज १२६०, भागिले १२ म्हणजे १०५ लाख. हा आहे तुमचा वर्षभराचा सरासरी जनरल पैसा. वर्षअखेरीला जनरलवर ३०० दिसतात खरे पण वर्षभर ते ३०० नव्हते, आणि सगळा फरक इथेच पडतो. एक्सेलमध्ये बी कॉलमला रक्कम आणि सी ला महिने टाकले तर एवढंच:

```
=SUMPRODUCT(B2:B6,C2:C6)/12
```

दिवसांवर करायचं तर १२ च्या जागी ३६५ आणि सी ला दिवस.

पुढे रेट. जनरलमध्ये काय काय येतं यावर तुमच्या ऑफिसात वाद झालेला दिसतोय, कारण वर्किंगच्या कडेला कुणीतरी लिहिलंय की सीसी स्टॉकसाठी आहे ती घेऊ नका. घ्यायची. स्टँडर्ड म्हणतं की खास लोन सोडून जेवढी कर्जं त्या काळात उभी होती ती सगळी. सँक्शन लेटरमध्ये वर्किंग कॅपिटल लिहिलंय म्हणून सीसी बाहेर जात नाही, आणि तुमच्या केसमध्ये तर बिल्डिंगचे पैसे उघड उघड सीसीतूनच गेलेत. मशिनरी लोनचं काय, तर ते पण आत येतं. २०२२ ला घेतलेलं मशीन तयार आलं, काही आठवड्यांत बसवलं आणि चालू झालं, म्हणजे ते मुळात क्वालिफाइंग अ‍ॅसेट, म्हणजे तयार व्हायला बराच काळ लागणारी मालमत्ता, नव्हतंच, आणि एएस १६ मध्ये सरासरीतून बाहेर काढायला सांगितलंय ते क्वालिफाइंग अ‍ॅसेटसाठी खास घेतलेलं लोन. इंड एएसवाल्यांसाठी तर १ एप्रिल २०१९ पासून दुरुस्ती करून अजून स्पष्ट केलंय, की खास लोन ज्या अ‍ॅसेटसाठी होतं तो अ‍ॅसेट तयार झाला आणि लोन अजून फिटलेलं नाही, तर तिथून पुढे ते जनरलमध्ये धरायचं. म्हणजे तुमची ही बिल्डिंग उद्या तयार झाली आणि शेजारी दुसरी काढलीत, तर हे ९ टक्क्यांचं लोन त्या दुसऱ्या बिल्डिंगच्या सरासरीत येईल. या बिल्डिंगच्या नाही.

सीसीची सरासरी काढताना ३१ मार्चचा बॅलन्स घेऊ नका, हे कळकळीनं सांगतो. मार्चअखेरीला सगळे वसुली करून सीसी खाली आणतात, त्या बॅलन्सनं व्याजाला भागलं की रेट १५-१८ टक्के निघतो आणि कुणालाच प्रश्न पडत नाही. रोजच्या बॅलन्सची सरासरी घ्या. तुमच्याकडे वर्षाचं सीसीचं व्याज ४० लाख आणि रोजची सरासरी ४०० लाख, म्हणजे १० टक्के, सँक्शन लेटरच्या रेटशी जुळतं, म्हणून सरासरी बरोबर आहे असं म्हणता येतं. हीच तपासणी. मशिनरी लोन वर्षभरात हप्ते जाऊन सरासरी २०० लाख, व्याज २२ लाख. दोन्ही मिळून व्याज ६२, सरासरी कर्ज ६००, रेट १०.३३ टक्के. १०५ लाखांवर १०.३३ टक्के म्हणजे १०.८५ लाख. ही रक्कम त्या वर्षात खरोखर झालेल्या व्याजापेक्षा जास्त असू शकत नाही अशी एक मर्यादा आहे, तुमच्याकडे ६२ च्या पुढे जायचा प्रश्नच नाही.

खास लोनचं सोपं आहे. पहिल्या ३०० वर ९ टक्क्यांनी ९ महिने, २०.२५ लाख. दुसऱ्या ३०० वर ६ महिने, १३.५० लाख. मिळून ३३.७५. त्यातून एफडीवर दोन महिन्यांत मिळालेला १ लाख वजा, राहिले ३२.७५. हा १ लाख तुम्ही अदर इन्कममध्ये दाखवलाय, तो तिथून काढून सीडब्ल्यूआयपीत वजा करायला लागेल. पण लक्षात ठेवा, ही वजावट फक्त खास लोनच्या पैशावरच्या गुंतवणुकीची. कंपनीच्या इतर एफडी असतील तर त्यांचं व्याज इथे वजा करायचं नाही.

म्हणजे एकूण कॅपिटलाइज करायचे ३२.७५ अधिक १०.८५, ४३.६० लाख. आणि पी अँड एलला जाणार ५१.१५. ताळा करून बघा, ९५.७५ मधून एफडीचा १ आणि ४३.६० गेले की बरोबर ५१.१५ राहतात. तुमच्या वर्किंगनं नफा ५०.६८ लाखांनी जास्त दिसत होता. ऑडिटर अडून बसले ते उगाच नाही.

एक राहिलं, टर्म लोनची प्रोसेसिंग फी. ती पण बॉरोइंग कॉस्टच आहे. एकदम सगळी सीडब्ल्यूआयपीत टाकू नका आणि एकदम खर्चातही लिहू नका, लोनच्या मुदतीवर पसरवायची आणि बांधकामाच्या काळात जेवढी पडेल तेवढी व्याजाबरोबर कॅपिटलाइज करायची. इंड एएस असेल तर ती इफेक्टिव्ह इंटरेस्टमध्ये आपोआप येते. वरच्या आकड्यांत मी ती धरलेली नाही कारण तुम्ही रक्कम पाठवली नव्हती.

आता मालकांचा मुद्दा. तो मला अजिबात फालतू वाटत नाही, उलट दर दुसऱ्या कारखान्यात मालक हेच विचारतात आणि अकाउंटंटकडे उत्तर नसतं. त्यांचं म्हणणं, वरचे ३०० लाख धंद्याच्या नफ्यातून आले, कर्जातून नाही, मग सीसीचं व्याज बिल्डिंगला का लावता. याचं उत्तर स्टँडर्डच्या मूळ कल्पनेत आहे. तिथे पैसा कुठल्या खात्यातून आला हे विचारत नाहीत, विचारतात हे की बिल्डिंग काढली नसती तर कुठलं व्याज टळलं असतं? त्यांना असं समजावा: साहेब, गिऱ्हाइकाकडून आलेले पैसे सीसीत जमा झाले आणि तिथून कॉन्ट्रॅक्टरला गेले. बिल्डिंग नसती तर तेच पैसे सीसीत पडून राहिले असते, सीसी तेवढी खाली आली असती आणि व्याज वाचलं असतं. ते न वाचलेलं व्याज बिल्डिंगमुळेच झालंय ना, म्हणून ते बिल्डिंगच्या किमतीत. मी हे एका मालकांना त्यांच्याच सीसीच्या स्टेटमेंटवर बोट ठेवून दाखवलं होतं, सकाळी ४० लाख जमा, दुपारी ३८ लाख स्टीलवाल्याला, संध्याकाळचा बॅलन्स जवळपास जिथल्या तिथे. तेवढ्यावर पटलं त्यांना. कंपनीवर कसलंच जनरल कर्ज नसतं तर गोष्ट वेगळी, तेव्हा वरच्या ३०० वर काही लावायचं नाही, स्वतःच्या भांडवलावर काल्पनिक व्याज धरायला स्टँडर्ड सांगत नाही.

व्याज टाकायला सुरुवात कधीपासून धरायची, तर १ मे पासून. तीन गोष्टी एकत्र जमल्या पाहिजेत, खर्च झालेला असला पाहिजे, व्याज चालू असलं पाहिजे आणि काम सुरू असलं पाहिजे. काम म्हणजे फक्त खोदाई नाही, प्लॅन मंजुरीसाठीची धावपळ पण कामच आहे. १ मे ला तिन्ही होतं.

पावसाळ्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण ऑडिटर विचारतील. जुलै-ऑगस्टमध्ये तीन-चार आठवडे स्लॅबचं काम बंद होतं असं साइटच्या रजिस्टरवर दिसतंय. इतक्या दिवसांचं व्याज थांबवायचं का, तर नाही. नाशिकला पावसात काम मंदावणार हे कॉन्ट्रॅक्ट करतानाच दोघांना माहीत असतं, काळ्या मातीत पाणी साचलं की पायाला हात लावता येत नाही. इंड एएस २३ मध्ये याचं उदाहरणच दिलंय, पुलाचं काम नदीला पाणी वाढल्यामुळे थांबलं आणि त्या भागात त्या काळात पाणी वाढणं नेहमीचंच असेल, तर कॅपिटलायझेशन चालू राहतं. पण कॉन्ट्रॅक्टरशी भांडण होऊन चार-पाच महिने साइट ओस पडली, किंवा पैसे संपले म्हणून काम गुंडाळून ठेवलं, तर तेवढ्या काळाचं व्याज पी अँड एलला, बँक व्याज लावतच असते तरी. म्हणून साइट इंजिनिअरला सांगून ठेवा की काम बंद असलं की कारण लिहायचं. नुसतं "काम बंद" एवढं लिहिलेलं असलं की वर्षानंतर कुणालाच आठवत नाही.

आणि थांबायचं कधी, यात मी सगळ्यात जास्त चुका बघितल्यात. तुमची बिल्डिंग सप्टेंबर २०२५ पर्यंत होईल म्हणता. ज्या दिवशी ती वापरायला तयार त्या दिवशी व्याज टाकणं बंद. रंगाचा शेवटचा हात, पार्टिशन, नावाची पाटी, हे राहिलं तरी तयारच. कागदपत्रांचं किरकोळ काम राहिलं तरी तयारच. मला विचाराल तर एक अपवाद मी मानतो, एखादी मंजुरी अशी असेल की तिच्याशिवाय आत माणसं बसवताच येत नाहीत आणि तिच्यासाठी अजून खरं काम, उदाहरणार्थ फायरची पाइपलाइन, करायचं राहिलंय, तर तयार नाही म्हणायला जागा आहे. पण काम सगळं झालंय आणि फक्त सर्टिफिकेट हातात पडायचंय, तर मी थांबवतो. शेड आधी तयार होऊन वापरात आली आणि ऑफिसचा मजला चालू आहे, आणि शेड स्वतंत्रपणे वापरता येते, तर शेडच्या भागाचं व्याज शेड तयार झाल्या दिवशी थांबवायचं, मजल्याचं पुढे चालू. त्यासाठी खर्च दोन भागांत वेगळा लिहायला आत्तापासून सुरुवात करा, नंतर आरए बिलं उकलत बसायला लागतं.

सातपूरच्या एका युनिटमध्ये माझ्यासमोर हे घडलंय. वहीत बिल्डिंग ३१ मार्चला कॅपिटलाइज केली होती, व्याजही मार्चपर्यंत टाकलं होतं. मी इतर खर्च बघत होतो तर नव्या मीटरचं लाइट बिल नोव्हेंबरपासून एकदम चौपट झालेलं दिसलं. बांधकामाला एवढी वीज लागत नाही. खाली जाऊन स्टोअरचं रजिस्टर बघितलं तर दिवाळीनंतर दोन मशिनं नव्या शेडमध्ये हलवलेली आणि तिथून माल निघालेला. म्हणजे नोव्हेंबर ते मार्च पाच महिन्यांचं व्याज चुकून बिल्डिंगमध्ये गेलं होतं आणि त्याच पाच महिन्यांचा डेप्रिसिएशन धरलेला नव्हता. मुद्दाम कुणी केलं नव्हतं, अकाउंट्सला कुणी सांगितलंच नव्हतं की शेड चालू झाली. तेव्हापासून मी प्लँट हेडकडून एका ओळीचा मेल मागतो, अमुक तारखेपासून जागा वापरायला तयार, एवढाच. तुम्ही पण तो मागून ठेवा.

पुढच्या वर्षाचं वर्किंग १ एप्रिल २०२५ ला शून्यापासून सुरू करू नका. सुरुवातीचा खर्च ९०० नाही, ९४३.६० धरायचा, कारण आधी कॅपिटलाइज केलेलं व्याज पण आता बिल्डिंगच्या किमतीचा भाग आहे आणि स्टँडर्ड ते धरायला देतं. त्यातून टर्म लोन ६०० गेलं की जनरलवर ३४३.६० पहिल्या दिवसापासून. मोरेटोरियम संपून टर्म लोनचे हप्ते बिल्डिंग व्हायच्या आत सुरू झाले तर जेवढं मुद्दल फिटेल तेवढा जनरलचा भाग वाढेल, ते पण त्याच शीटमध्ये महिन्याच्या महिन्याला टाकत जा. मार्चमध्ये थकलेले ६० लाख ज्या तारखेला द्याल त्या तारखेला आत घ्या.

इन्कम टॅक्सचं वर्किंग वेगळं ठेवा, हेच आकडे तिकडे चिकटवू नका. तिथे आयसीडीएस ९ लागतं, त्यात एफडीचा १ लाख व्याजातून वजा होत नाही, तो उत्पन्नातच जातो. जनरलसाठी सूत्र वेगळं आहे, वर्षाच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवशीच्या अ‍ॅसेटच्या सरासरीवर चालतं आणि मध्ये काम थांबलं म्हणून व्याज थांबत नाही. संपतं ते अ‍ॅसेट पहिल्यांदा वापरात आल्यावर, नुसता तयार झाल्यावर नाही. दोन्हींतल्या फरकावर डिफर्ड टॅक्स येईल तेवढा बघा.

आत्ता करायच्या एंट्र्या एवढ्याच. सीडब्ल्यूआयपीत टाकलेल्या ९४.२८ मधून ५०.६८ लाख काढून फायनान्स कॉस्टला डेबिट करा, म्हणजे सीडब्ल्यूआयपीत ४३.६० राहतील. हा आकडा एफडीचं व्याज वजा जाऊनचा आहे, म्हणून अदर इन्कममधला १ लाख डेबिट करून फायनान्स कॉस्टला क्रेडिट द्या, सीडब्ल्यूआयपीला नाही, नाहीतर तोच १ लाख दोनदा वजा होईल. यानंतर फायनान्स कॉस्ट ५१.१५ वर आली पाहिजे, नाही आली तर मला शीट परत पाठवा. नोट्समध्ये वर्षात कॅपिटलाइज केलेली रक्कम लिहा, आणि इंड एएस असेल तर १०.३३ टक्के हा रेट पण लिहायला लागतो.